फक्त पेन्शन आणि व्याज: आगाऊ कर भरायचा का, रिटर्न भरायचं का? पेन्शनरांचे नेहमीचे प्रश्न

दर वर्षी जून-जुलैत आमच्या सोसायटीतले पेन्शनर पासबुकं आणि ठेवींच्या पावत्या घेऊन माझ्याकडे येतात. त्यांचे प्रश्न जवळजवळ तेच असतात, म्हणून एकदा उत्तरं लिहून ठेवली. सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातल्या उत्पन्नाचे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात. मात्र या वर्षाच्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागू आहे, त्यामुळे खाली कलमं जुनीच दिली आहेत.

पेन्शनरला आगाऊ कर भरावा लागत नाही, असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. कायद्यात पेन्शनरला म्हणून सूट नाही. कलम २०७(२) मधली सूट ज्येष्ठ नागरिकाला आहे, आणि तिच्या तीन अटी आहेत. आर्थिक वर्षात केव्हातरी वयाची ६० वर्षं पूर्ण झालेली हवीत, माणूस आयकराच्या व्याख्येप्रमाणे भारतात निवासी हवा, आणि धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नको. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तर देय कर दोन लाख असला तरी आगाऊ कर नाही. वर्ष संपल्यावर रिटर्नसोबत एकदम भरला की झालं.

केंद्र सरकारचा कर्मचारी साधारणपणे साठीला निवृत्त होतो, त्यामुळे तो थेट या सवलतीत येऊन बसतो. महाराष्ट्र शासनाचे बहुतेक कर्मचारी आणि अनुदानित शाळांतले शिक्षक मात्र ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. पेन्शन सुरू झालेली, हाती फंड आणि ग्रॅच्युइटी आलेली, त्यांच्या ठेवी केलेल्या, आणि साठी अजून दोन वर्षं लांब. या दोन वर्षांत आगाऊ कर लागू असतो आणि नेमकी हीच वर्षं नजरेतून निसटतात.

माझी जन्मतारीख शाळेत लावलेली १ जून आहे. मला सूट कोणत्या वर्षापासून?

आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, म्हणून हेच उदाहरण घेऊ. जन्मतारीख १ जून १९६६ असेल तर ५८ वर्षं धरून निवृत्ती ३१ मे २०२४ ला झाली. साठी १ जून २०२६ ला, म्हणजे २०२६-२७ या वर्षात पूर्ण होते. सूट त्या वर्षापासून, आणि पूर्ण वर्षाला. २०२४-२५ आणि २०२५-२६ ही दोन्ही वर्षं सवलतीच्या बाहेर राहिली.

साठी वर्षाच्या कुठल्याही दिवशी पूर्ण झाली तरी ते अख्खं वर्ष धरतात. १ एप्रिलला जन्मलेल्यांना आणखी एक फायदा आहे. आयकर खात्याच्या २०१६ च्या परिपत्रकाप्रमाणे त्यांचं वय आदल्या दिवशी, ३१ मार्चलाच पूर्ण झालं असं मानतात, त्यामुळे त्यांना आदलं वर्षही मिळतं.

साठीच्या आत असलेल्या पेन्शनरने आगाऊ कर लागतो की नाही हे कसं ठरवायचं?

वर्षभराच्या उत्पन्नावरचा कर काढायचा आणि त्यातून कापला जाणारा टीडीएस वजा करायचा. उरलेली रक्कम १०,००० रुपये किंवा जास्त असेल तर आगाऊ कर लागतो, कमी असेल तर नाही.

हे आकड्यांनी पाहू. उदाहरण काल्पनिक आहे, पण अशी माणसं प्रत्येक तालुक्यात भेटतील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता, जन्मतारीख वरचीच. पेन्शन महिना ८५,०००, म्हणजे वर्षाला १०,२०,०००. एका बँकेत ६० लाखांच्या मुदत ठेवी ७ टक्क्यांनी, त्यांचं व्याज ४,२०,०००. एकूण १४,४०,०००. पेन्शन पगाराच्या सदरात मोडते, म्हणून नव्या करपद्धतीत ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते. करपात्र उत्पन्न उरलं १३,६५,०००.

आता कर. पहिल्या ४ लाखांवर काही नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००. ८ ते १२ लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,०००. वरच्या १,६५,००० वर १५ टक्के म्हणजे २४,७५०. बेरीज ८४,७५०, तिच्यावर ४ टक्के उपकर ३,३९०. एकूण कर ८८,१४०. उत्पन्न १२ लाखांच्या वर गेल्यामुळे कलम ८७ए ची करसवलत नाही.

बँकेने व्याजावर १० टक्क्यांनी ४२,००० कापले. कोषागाराने पेन्शनमधून काहीच कापलं नाही. म्हणजे ४६,१४० उरले. आगाऊ कर लागू.

कोषागाराने काहीच का कापलं नाही? चूक त्यांची ना?

नाही. कोषागाराला फक्त पेन्शन दिसते. १०,२०,००० मधून ७५,००० गेले की ९,४५,००० उरतात, आणि १२ लाखांपर्यंत करसवलतीमुळे कर शून्य. त्यांचा हिशेब बरोबर आहे. बँकेला फक्त व्याज दिसतं, ती १० टक्के कापून मोकळी होते. पेन्शन आणि व्याज एकत्र आल्यावर करसवलत जाते आणि वरच्या रकमेवर १५ टक्के लागतात, पण ती बेरीज या दोघांपैकी कुणीच करत नाही. करायची आपणच. ‘टीडीएस कापलाय, म्हणजे कर भरला गेलाय’ हा समज बहुतेकदा इथेच महागात पडतो.

यावर सोपा उपाय आहे, पण फार कुणी वापरत नाही. आपलं व्याजाचं उत्पन्न पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवता येतं. मग ते धरून पेन्शनमधून जास्त कर कापला जातो. वरच्या उदाहरणात महिन्याला साधारण ३,८५० रुपये कापले गेले असते तर आगाऊ कराचा प्रश्नच उरला नसता. मात्र हे वर्षाच्या सुरुवातीला केलेलं बरं. फेब्रुवारीत कळवलं तर उरलेल्या एक-दोन पेन्शनींतून सगळी रक्कम कापतील.

आगाऊ कराचे हप्ते कसे, आणि चुकले तर किती बसतं?

१५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत एकूण ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण १०० टक्के. आपल्या अभियंत्यांसाठी या रकमा अनुक्रमे ६,९२१, २०,७६३, ३४,६०५ आणि ४६,१४०. प्रत्येक आकड्यात आधी भरलेली रक्कम धरलेली आहे, म्हणजे सप्टेंबरला २०,७६३ नव्याने भरायचे नाहीत, तेवढे पुरे करायचे.

त्यांनी काहीच भरलं नाही आणि जुलै २०२६ मध्ये रिटर्नच्या वेळी सगळे ४६,१४० भरले, असं धरू. व्याज दोन प्रकारचं लागतं. पहिलं हप्ते चुकल्याचं, कलम २३४सी. पहिल्या तीन हप्त्यांच्या कमी पडलेल्या रकमेवर दरमहा १ टक्का तीन महिने, शेवटच्या हप्त्यावर एकच महिना. शंभराच्या खालची रक्कम सोडून हिशेब करतात. २०७, ६२१, १,०३८ आणि ४६१, मिळून २,३२७ रुपये. दुसरं कलम २३४बी चं, १ एप्रिलपासून भरेपर्यंत दरमहा १ टक्का. एप्रिल ते जुलै चार महिने, म्हणजे ४६,१०० वर १,८४४. दोन्ही मिळून ४,१७१.

घर बुडेल अशी ही रक्कम नाही, पण ठेवीवर ७ टक्के मिळवून सरकारला वर्षाला १२ टक्क्यांच्या दराने व्याज देणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. १५ मार्च हुकली तरी ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम आगाऊ करच धरतात. त्यामुळे निदान दुसरं व्याज वाचतं.

हेच गृहस्थ साठीचे असते तर? कर तोच, टीडीएस तोच, उरलेले ४६,१४० तेच. फक्त ते ३१ जुलैपर्यंत रिटर्नसोबत भरायचे आणि वरच्या दोन्ही व्याजांपैकी एक रुपयाही द्यायचा नाही. ३१ जुलै उलटली की मात्र ज्येष्ठांनाही थकलेल्या करावर दरमहा १ टक्का व्याज सुरू होतं.

ऑनलाइन भरताना काय निवडायचं?

incometax.gov.in वर e-Pay Tax मध्ये ३१ मार्चच्या आत भरत असाल तर Advance Tax (100), वर्ष संपल्यावर भरत असाल तर Self Assessment Tax (300). २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी Assessment Year हे 2026-27 येतं. इथे वर्ष चुकलं की पैसे भरलेले असूनही मागणीची नोटीस येते, आणि नंतरची दुरुस्ती डोकेदुखीची असते. चलन सेव्ह करण्याआधी वर्ष दोनदा वाचा.

माझा कर शून्य आहे. मग रिटर्न कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि उत्तर सगळ्यात कमी आवडतं. आगाऊ कर किती देणं उरतं यावर ठरतो. रिटर्न उत्पन्न किती यावर ठरतं. दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत.

नव्या पद्धतीत मूळ मर्यादा ४ लाख आहे, वय काहीही असो. एकूण उत्पन्न त्याहून जास्त असेल तर रिटर्न भरायला हवं, मग करसवलतीने कर शून्य का होईना. १२ लाखांपर्यंत कर नाही हे खरं, पण त्याचा अर्थ १२ लाखांपर्यंत रिटर्न नाही असा होत नाही. ही गल्लत मी शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकली आहे.

दुसरं उदाहरण. ६८ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका, पेन्शन महिना २८,०००, म्हणजे ३,३६,०००. व्याज १,८०,०००. बेरीज ५,१६,०००, प्रमाणित वजावट जाऊन ४,४१,०००. मर्यादेवर ४१,००० आले, त्यावर ५ टक्के म्हणजे २,०५० रुपये कर, तोही सवलतीत माफ. भरायचं शून्य, पण रिटर्न भरायचंच. व्याज १,३०,००० असतं तर उत्पन्न ३,९१,००० झालं असतं आणि एरवी गरज पडली नसती.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्रमाणित वजावट आधी वजा करायची, कारण ती पगाराच्या सदरातच जाते. कलम ८०सी, ८०डी, ८०टीटीबी या वजावटी मात्र रिटर्न लागतं का हे ठरवताना धरायच्या नाहीत. विम्याचे हप्ते दाखवून उत्पन्न मर्यादेखाली आलं, म्हणून रिटर्न टळत नाही.

जुन्या पद्धतीत ८० वर्षांवरच्यांना ५ लाखांची मर्यादा आहे ना?

आहे. जुन्या पद्धतीत ६० ते ८० पर्यंत ३ लाख, ८० पासून ५ लाख. पण आता नवी पद्धत आपोआप लागू असते आणि जुनी हवी असेल तर ती निवड रिटर्नमध्येच करायची, तीही मुदतीच्या आत. म्हणजे रिटर्न न भरता जुन्या पद्धतीच्या मर्यादेवर विसंबणं मला तरी अवघड वाटतं. साडेचार लाख उत्पन्न असलेल्या ८२ वर्षांच्या आजोबांना मी रिटर्न भरा असंच सांगतो. फक्त पेन्शन आणि व्याज असेल तर सहज म्हणजे ITR-1 पुरतो, आणि आकडे बहुतेक आधीच भरून आलेले असतात.

उत्पन्न मर्यादेखाली आहे. तरीही रिटर्न लागू शकतं का?

होय, काही खर्च आणि व्यवहारांमुळे. पेन्शनरांच्या बाबतीत यातले तीन खरोखर घडतात. परदेश प्रवासावर स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या प्रवासासाठी दोन लाखांवर खर्च केला असेल. वर्षाचं वीजबिल एक लाखावर गेलं असेल. किंवा बचत खात्यांत वर्षभरात मिळून ५० लाख किंवा जास्त जमा झाले असतील. हे शेवटचं निवृत्तीच्या वर्षी, किंवा घर विकल्यावर सहज होतं. ज्येष्ठांसाठी आणखी एक अट आहे. वर्षभरात टीडीएस आणि टीसीएस मिळून ५०,००० किंवा जास्त कापला गेला असेल तरी रिटर्न बंधनकारक. साठीच्या आतल्यांना ही रेषा २५,००० वर आहे.

मुलगा न्यू जर्सीला आहे आणि दोघांची तिकिटं त्यानेच काढली, तर तो खर्च तुमचा नाही. तुम्ही तुमच्या खात्यातून काढली असतील तर तुमचा.

आम्ही सहा महिने मुलाकडे अमेरिकेत असतो. ज्येष्ठांची सूट जाते का?

सूट निवासी माणसालाच आहे, म्हणून प्रश्न बरोबर आहे. पण घर भारतात असलेल्या आणि मुलाकडे जाऊन परत येणाऱ्या आईवडिलांचं निवासीपण सहसा जात नाही. वर्षात १८२ दिवस भारतात राहिलं की निवासी. तेवढे भरले नाहीत तरी वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असलात तरी निवासीच. मुलाकडे कायमचं राहायला गेलात आणि इथे फक्त भेटीला येता, तर नियम वेगळे लागतात. तेव्हा वय ७५ असलं तरी आगाऊ कर लागू शकतो. पासपोर्टवरचे शिक्के मोजा, अंदाजाने बोलू नका.

१५एच भरून दिला आहे. आता रिटर्नची गरज नाही ना?

१५एच हा फक्त बँकेला दिलेला जबाब आहे, की माझा वर्षाचा कर शून्य येणार आहे म्हणून टीडीएस कापू नका. त्याचा रिटर्नशी संबंध नाही. वरच्या शिक्षिका १५एच देऊ शकतात, आणि रिटर्नही त्यांनीच भरायचं. साठीच्या आतल्यांना १५एच देताच येत नाही. आणि कर लागणार हे माहीत असून १५एच देणं म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र देणं. बँकेतला क्लार्क ‘सगळेच देतात’ म्हणाला तरी सही तुमची असते.

व्याज मोजताना लोक काय विसरतात?

सगळ्यात आधी, मुदतपूर्तीला एकदम मिळणारं व्याज. पाच वर्षांच्या संचयी ठेवीत पैसे हाती येत नाहीत, म्हणून लोक ते धरत नाहीत. बँक मात्र दर वर्षी जमलेल्या व्याजावर टीडीएस कापते आणि ते पोर्टलवरच्या तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या वार्षिक माहितीपत्रकात दिसतं. पाच वर्षं सोडून शेवटी एकदम दाखवलं तर त्या वर्षी उत्पन्न फुगून करसवलतही जाऊ शकते.

मग पतसंस्था. अनेक पतसंस्था सभासदांच्या ठेवींवर टीडीएस कापत नाहीत, त्यामुळे ‘ते व्याज करमुक्त असतं’ असा गावोगावी समज आहे. ते पूर्ण करपात्र आहे. तीच गोष्ट ठेवी पाच बँकांत विभागण्याची. ज्येष्ठांना एका बँकेत वर्षाला एक लाखापर्यंतच्या व्याजावर टीडीएस नाही, म्हणून ठेवी विभागल्या तर कपात टळते, कर टळत नाही. उलट कपात झाली नाही म्हणून भरायची रक्कम वाढते. साठीच्या पुढे ती जुलैत भरायची एवढंच, पण ५८-५९ च्या माणसाला त्यामुळेच आगाऊ कर लागतो.

आणि बायकोच्या नावावरची ठेव. फंडाचे पैसे पत्नीला देऊन तिच्या नावे ठेव केली, तर त्या रकमेचं व्याज पतीच्या उत्पन्नात धरतात. तिच्या पॅनवर टीडीएस कापला गेला तरी हा नियम बदलत नाही. तिच्या स्वतःच्या कमाईची ठेव असेल तर ते व्याज तिचंच.

कुटुंब निवृत्तिवेतनाला हेच लागू का?

बहुतेक हेच, पण वजावट वेगळी आहे. पतीच्या मागे पत्नीला मिळणारी पेन्शन पगारात मोडत नाही, इतर उत्पन्नात मोडते. तिला ७५,००० ची वजावट नाही. नव्या पद्धतीत पेन्शनचा एक तृतीयांश किंवा २५,००० यातली कमी रक्कम वजा होते. त्यामुळे तेवढ्याच रकमेत ४ लाखांची रेषा लवकर ओलांडली जाते.

७५ वर्षांवरच्यांना रिटर्न माफ आहे हे खरं का?

कलम १९४पी मध्ये तशी सोय आहे, पण दार अरुंद आहे. वय ७५ किंवा जास्त, निवासी, उत्पन्न फक्त पेन्शन आणि व्याज, आणि ते व्याजही पेन्शन जमा होते त्याच बँकेतलं. शिवाय ती बँक सरकारने ठरवलेल्या बँकांपैकी हवी. १२बीबीए फॉर्ममध्ये घोषणापत्र दिलं की बँकच वजावटी आणि करसवलत धरून कर काढते, कापते, आणि मग रिटर्न लागत नाही.

पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं आहे? गेली सोय. पतसंस्थेत पन्नास हजारांची ठेव आहे? तरीही गेली. फक्त ७५ झालो म्हणून, घोषणापत्र न देता, रिटर्न थांबवणारे लोक मी पाहिले आहेत. वयाने आपोआप काही माफ होत नाही.

रिटर्न लागत होतं, पण ३१ जुलै उलटली. आता?

३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये आणि त्यावर असेल तर ५,००० रुपये विलंब शुल्क. कर शून्य असला तरी हे शुल्क बसतं. वरच्या शिक्षिकांनी ऑगस्टमध्ये भरलं तर शून्य कराच्या रिटर्नसाठी हजार रुपये जातील. शिवाय उशिराच्या रिटर्नमध्ये जुनी पद्धत निवडता येत नाही.

रिटर्नची सक्ती नाही, पण बँकेने टीडीएस कापला आहे. परत कसा मिळेल?

रिटर्न भरूनच, दुसरा मार्ग नाही. आधी एआयएस आणि कापलेल्या कराचं २६एएस हे विवरण उघडून कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर खरंच आली आहे का पाहा. आली नसेल तर रिटर्न भरण्याआधी बँकेच्या शाखेत जा. परतावा पॅनशी जुळलेल्या, पोर्टलवर प्रमाणित केलेल्या खात्यातच जमा होतो. जुनं पगाराचं खातं बंद केलेलं असताना तेच दिलेलं राहिलं, म्हणून परतावा अडकलेले दोन जण गेल्या वर्षी माझ्याकडे आले होते.